ओळख करून देणाऱ्याचं भाषण: भेट सांगायची, पण कुणाला अवघडायला लावायचं नाही

साखरपुड्याच्या आठवडाभर आधी फोन येतो. "तूच आमची ओळख करून दिलीस, तेव्हा तूच चार शब्द बोल." आपण आनंदाने हो म्हणतो. रात्री वही घेऊन बसल्यावर लक्षात येतं की सांगण्यासारखं खूप आहे, पण त्यातलं निम्मं दोघांच्या घरी माहीतच नाही. हा लेख त्या रात्रीसाठी आहे. मी आतापर्यंत दोनदा असं बोलले आहे. एकदा चुकले, एकदा जमलं.

पहिलं भाषण मुलुंडच्या एका हॉलमध्ये होतं. मी म्हणाले, "जुलैमधला तो धो धो पाऊस, गाड्या बंद, आणि हे दोघं माझ्या घरी अडकले." लोक हसले. नवरीचे वडील मात्र हसले नाहीत. त्या जुलैमध्ये मुलगी ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला आहे, असं त्यांना सांगितलेलं होतं. माझ्या वाक्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त एक महिना होता, आणि त्या महिन्याने तीन वर्षांपूर्वीची थाप उघडी केली. मैत्रीण मला काही बोलली नाही. तिने स्टेजवर मान खाली घातली, ती मला अजून दिसते.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. मोठं गुपित सहसा कुणी माइकवर फोडत नाही, त्याला आपण जपतोच. माणसं अवघडतात ती साध्या तपशिलांनी: वर्ष, महिना, दिवसाची वेळ, जागा, ताटातला पदार्थ. "शेवटच्या लोकलने आम्ही परत आलो" म्हटलं की ती त्या दिवशी घरी किती वाजता पोहोचली हे कळतं. "पाच वर्षांपूर्वी" म्हटलं की घरच्यांपासून किती काळ लपवलं याचा हिशोब होतो. "श्रावणात मालवणी हॉटेलात" म्हटलं की आजीला ताटात काय होतं ते दिसतं. म्हणून भाषण लिहिण्याआधी माहिती गोळा करावी लागते.

दोघांना वेगवेगळा फोन

दोघांना एकत्र विचारू नका, आणि तिघांच्या ग्रुपवर तर नकोच. समोर दुसरा असला की प्रत्येक जण "काहीही सांग गं, चालेल" म्हणतो. वेगवेगळा फोन केला की खरं येतं. मी तीन गोष्टी विचारते, याच क्रमाने.

पहिली: "तुम्ही कसे भेटलात, याबद्दल घरी नेमकं काय सांगितलंय?" हे आधी, कारण बाकी सगळं यावर ठरतं. बऱ्याचदा तिच्या घरी एक गोष्ट माहीत असते, त्याच्या घरी दुसरी, आणि हे त्या दोघांच्याही कधी लक्षात आलेलं नसतं. ते लग्नाआधी तुमच्यामुळे कळलं तर बरंच झालं.

दुसरी: "कोणती गोष्ट निघाली तर तुला स्टेजवरून उतरून जावंसं वाटेल?" "काय सांगू नको?" असं विचारलं की उत्तर गुळमुळीत येतं. असं विचारलं की माणूस थांबतो, आणि मग एखादी अगदी ठराविक गोष्ट सांगतो.

तिसरी: "घरात सध्या कोण दुखावलेलं आहे?" एखाद्या आत्याने आणलेलं स्थळ नाकारलेलं असतं. एखाद्या घरात याच वर्षी कुणी गेलेलं असतं. ओळखीतल्या कुणाची सोयरीक नुकतीच मोडलेली असते. तुमच्या वाक्याचा रोख तिकडे नसला तरी ते तिथे जाऊन लागतं.

त्याने तुमच्याजवळ विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिला विचारून पक्की करू नका, आणि तिची त्याला विचारूनही नको. तशी गोष्ट भाषणात येतच नाही, मग ती कितीही गोड असो.

एकच प्रसंग, आणि तोही डोळ्यांनी पाहिलेला

ओळख करून देणाऱ्याकडे एक गोष्ट असते, जी हॉलमधल्या दुसऱ्या कुणाकडे नसते. दोघं एकमेकांना परकी होती तो क्षण त्याने पाहिलेला असतो. आई-वडिलांनी तो पाहिलेला नसतो. नवरा-नवरीलाही तो एकेका बाजूनेच आठवतो, आणि बहुतेक वेळा वेगवेगळा आठवतो. म्हणून सगळी प्रेमकहाणी सांगायला जाऊ नका. ती त्या दोघांची आहे. तुमच्या वाट्याचा तेवढा एक प्रसंग सांगा.

याने एक अडचण आपोआप सुटते. कधीकधी घरी खरी गोष्ट सांगितलेली नसते आणि दोघं तुम्हाला गळ घालतात, "तेच सांग ना, जे आम्ही घरी सांगितलंय." माइकवरून खोटं बोलू नये असं मला मनापासून वाटतं. आज ना उद्या ते उघडं पडतं आणि त्यात आपणही भागीदार ठरतो. पण सगळं खरं सांगायची सक्तीही आपल्यावर नाही. घरच्या गोष्टीला धक्का न लावणारा एखादा खरा प्रसंग शोधला की सापडतो.

माझ्या दुसऱ्या भाषणाचं उदाहरण घेऊ. ती माझी ऑफिसातली मैत्रीण, तो माझा शाळेपासूनचा मित्र. दोघं माझ्यामुळे भेटली ती दादरला, प्लाझासमोरच्या शिवाजी मंदिरात, रविवारी दुपारच्या नाटकाला. तिच्याकडे तीन तिकिटं होती, तिसरी मैत्रीण ऐनवेळी गळाली, म्हणून मी त्याला बोलावलं. आणि मीच उशिरा पोहोचले. रविवारचा मेगाब्लॉक होता, कुर्ल्याला गाडी बदलायची होती, आणि गाडी येईना. फोनवर मी दोघांना एकमेकांची खूण सांगितली. मी धावत पोहोचले तेव्हा तिसरी घंटा होऊन दहा-बारा मिनिटं झाली होती, बाहेर चिटपाखरू नव्हतं, आणि ही दोघं दाराबाहेर उभी होती. दोघांमध्ये चार हात अंतर. तिच्या हातात तीन तिकिटं, त्याच्या हातात कागदात बांधलेला एक वडा. त्याने तीन आणले होते, दोन संपले होते, तिसरा माझ्यासाठी ठेवला होता.

फोनवर काय कळलं ते बघा. तो म्हणाला, तेव्हा माझी नोकरी गेलेली होती, तिच्या काकांसमोर ते नको. ती म्हणाली, त्या वर्षी घरचे पाहण्याचे कार्यक्रम करत होते आणि मी नकार देत होते, ते नको. शिवाय या नाटकानंतर दोन वर्षं दोघांनी घरी काही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे वर्ष गेलं, नोकरी गेली, "नंतर आम्ही तिघं दर रविवारी भेटायचो" हे वाक्यही गेलं. उरला तो दाराबाहेरचा क्षण. तो कुणालाच बोचणारा नव्हता, आणि खरं तर त्यात सगळं होतं. दोन अनोळखी माणसं, हातात तिकीट असूनही आत गेली नाहीत, कारण तिसरं माणूस अजून यायचं होतं.

एक गाठ मात्र राहिली होती. ती तिकिटं मैत्रिणीच्या आईने स्वतः रांगेत उभं राहून काढली होती, तिघी मैत्रिणींसाठी. तिसऱ्या खुर्चीत मुलगा बसला हे काकूंना ठाऊक नव्हतं. ते भाषणात आलं तर कौतुक होईल की कानउघाडणी? मी मैत्रिणीला म्हटलं, आईला आधीच सांग. तिने सांगितलं. काकू खूप हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे जावई माझ्या तिकिटावर आला की! सांग, नक्की सांग." मग ते वाक्य भाषणातलं सगळ्यात चांगलं वाक्य झालं. आईला ते स्टेजवरून पहिल्यांदा कळलं असतं, तर त्याच वाक्याने माझी पहिली चूक पुन्हा झाली असती. घरच्या कुणाचा उल्लेख करणार असाल तर तो त्या माणसाला आधी कळवावा, एवढंच.

लिहिणं आणि मोजणं

चार मिनिटांच्या वर जाऊ नका. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे चारशे शब्दांत सगळं बसवायचं. माझं भाषण त्याहूनही लहान होतं. ते जवळपास जसंच्या तसं देते, फक्त नावं काढून:

"नमस्कार. मी दोघांची मैत्रीण. तिच्या शेजारच्या टेबलावर काम करते, आणि त्याच्या बाकावर शाळेत बसायचे. तुम्ही सगळे या दोघांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. पण एक गोष्ट फक्त मी पाहिलेली आहे, तेवढी सांगते.

एका रविवारी आम्ही नाटकाला जाणार होतो. तिकिटं काकूंनी काढून दिली होती, त्यांचे आभार मला आज मानायचे आहेत. मेगाब्लॉकमध्ये मी अडकले. ही दोघं एकमेकांना ओळखत नव्हती. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. लोक आत गेले. मी पोहोचले तेव्हा नाटक सुरू झालं होतं आणि दाराबाहेर दोनच माणसं उभी होती, चार हात अंतरावर. हिने काही न बोलता माझं तिकीट पुढे केलं. याने एक वडा पुढे केला. तो गार झाला होता, पण माझ्यासाठी ठेवलेला होता.

तिच्याकडे तिकीट होतं, ती आत जाऊ शकली असती. त्याला भूक लागलेली होती, तो तिसरा वडा खाऊ शकला असता. दोघांनी वाट पाहिली. त्या दिवशी मला वाटलं, ही दोघं एकसारखी आहेत. पुढचं त्यांचं त्यांना कळलं, त्यात माझा हात नाही.

काका-काकू, दोन्ही घरच्या आई-बाबांनो, ही वाट पाहणारी माणसं तुम्ही घडवलीत. आणि तुम्हा दोघांना सांगते, यापुढे नाटकाला मी वेळेवर येईन."

यात त्याची आणि तिची वाक्यं मोजा. सारखी आहेत. हे आपोआप होत नाही. आपण एकाला जास्त ओळखतो आणि त्याच्याबद्दलच बोलत सुटतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्याच्या शाळेच्या दोन आठवणी होत्या आणि तिच्याबद्दल "खूप हुशार" एवढंच. तिच्या बाजूचे पाहुणे ते ऐकत बसले असते आणि ही नक्की कुणाची मैत्रीण, असं त्यांना वाटलं असतं. शाळेच्या आठवणी मी काढून टाकल्या.

"पुढचं त्यांचं त्यांना कळलं" हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. "मीच जुळवलं" असं म्हणण्याचा मोह फार होतो. पण त्याने आई-वडिलांचा होकार लहान होतो, आणि दोघांचा निर्णयही. शिवाय त्या एका वाक्याने मधली दोन वर्षं शांतपणे ओलांडली जातात. कुणाला काही विचारावंसं वाटत नाही.

टोपणनावं टाळा. कॉलेजात पडलेल्या नावामागे गोष्ट असते, आणि ते नाव घेतलं की कुणीतरी ती गोष्ट विचारतोच. स्टेजवर घरचं नाव घ्यावं. दोघांना अरे-तुरे करण्याबद्दल मात्र आधी विचारून घ्या. काही घरांत नवरदेवाला सगळ्यांसमोर अरे म्हटलेलं आजही खटकतं.

खर्डा झाला की प्रत्येक बाजूच्या एकाला वाचून दाखवा. बहीण किंवा मावसभाऊ चांगले, कारण त्यांना दोघांचंही माहीत असतं आणि घरचंही. नवरा-नवरीला अख्खं भाषण दाखवू नका, त्यांच्यासाठी काहीतरी नवं राहू द्या. वाचताना ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. तो हसण्याआधी क्षणभर थांबला आणि त्याने दुसरीकडे पाहिलं, तर ते वाक्य काढा. कारण विचारत बसू नका, तो कदाचित सांगू शकत नसेल.

कुठे आणि कधी बोलायचं

मुंबईतल्या रिसेप्शनमध्ये भाषण वाया जातं. सातपासून स्टेजसमोर रांग लागते, नवरा-नवरी दोन-अडीच तास उभी राहून पाकिटं घेत फोटो काढत असतात, आणि अर्धे पाहुणे दूरची लोकल गाठायची म्हणून जेवून निघतात. अशा वेळी हातात माइक घेतलात तर रांग थांबते आणि लोक घड्याळाकडे बघतात. साखरपुड्यात अंगठ्या घालून झाल्यावर, जेवणाआधी, ही सर्वात चांगली वेळ. सगळे बसलेले असतात आणि लक्ष जोडप्याकडे असतं. हळदीच्या किंवा संगीताच्या संध्याकाळीही चालतं, फक्त नाच सुरू व्हायच्या आधी. केळवणात तर माइकही लागत नाही.

रिसेप्शनच असेल तर रांग लागायच्या आधी दहा मिनिटं मागून घ्या. समारंभ गच्चीवर किंवा लॉनवर असेल तर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे "शेवटी बोलू" म्हणून थांबू नका. ते शेवटी राहूनच जातं.

साउंडवाल्याला आधी भेटा. सनईची रेकॉर्ड कधी बंद करायची ते त्याला सांगा, नाहीतर पहिली चार वाक्यं सनईखाली जातात. माइक तोंडापासून चार बोटं दूर धरा. दोघांच्या मध्ये उभं राहू नका. बाजूला असं उभं राहा की तुम्हाला दोघांचे चेहरेही दिसतील आणि पाहुणेही. भाषण मोबाईलवरून वाचू नका, नेमका तेव्हाच मेसेज येतो. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात फक्त पाच-सहा ओळी लिहा. माझ्या कागदावर होतं: काकूंचे आभार, मेगाब्लॉक, तीन घंटा, तिकीट आणि वडा, वाट पाहणं, आई-बाबा.

दुसऱ्या घरी मराठी कळत नसेल, जे मुंबईत आता वारंवार होतं, तर प्रसंग हिंदीत पुन्हा सांगू नका, मजा जाते. सुरुवातीचं एक वाक्य आणि आई-वडिलांना उद्देशून असलेलं वाक्य त्यांना समजेल अशा भाषेत म्हणा.

शेवटी उखाण्याचा आग्रह करायचा असेल तर दोघांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. न सांगता माइक पुढे केला आणि उखाणा आठवला नाही, की तुमचं सगळं भाषण त्या गप्प राहण्यात बुडतं.

मध्येच काही झालं तर

मागच्या रांगेतून कॉलेजचा एखादा मित्र हमखास ओरडतो, "खरं सांग, खरं सांग!" त्याच्याशी वाद घालू नका, आणि "ते नंतर सांगते" असंही म्हणू नका. "नंतर" म्हटलं की लपवण्यासारखं काहीतरी आहे हे सगळ्यांना कळतं. "मी पाहिलं ते एवढंच" म्हणा आणि पुढचं वाक्य घ्या.

नको ते निघून गेलंच, तर माइकवर माफी मागू नका. माफीने त्या गोष्टीवर बोट ठेवलं जातं. ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळतं. सरळ आई-वडिलांच्या वाक्यावर या आणि थांबा. नंतर त्या माणसाला बाजूला घेऊन, एकट्यात, स्पष्ट सॉरी म्हणा. मुलुंडला मी हे केलं नाही. मैत्रिणीच्या वडिलांकडे पाहून मी माइकवरच सारवासारव करत राहिले आणि आणखी दोन तारखा बोलून गेले.

स्टेजवरून उतरल्यावर आजी किंवा मावशी जवळ बोलावून विचारतात, "मग पुढे काय झालं गं?" प्रेमाने विचारतात. त्यांनाही तेच उत्तर द्या: "ते तुमच्या नातीलाच विचारा, तिला जास्त छान सांगता येईल." जेवणाच्या टेबलावर सांगितलेली गोष्ट माइकवरून सांगितल्यासारखीच सगळीकडे पोहोचते.

आणि रात्री घरी गेल्यावर एक काम करा. कुणीतरी वहिनी "भाषण फार छान झालं, मला पाठव ना" असा मेसेज करते, आणि ते फॅमिली ग्रुपवर जातं. पाठवायचा तो शेवटचा खर्डा पाठवा. वर्ष, नोकरी, पाहण्याचे कार्यक्रम असलेला पहिला खर्डा मोबाईलच्या नोट्समध्ये राहिलेला असतो, तो त्याच रात्री पुसून टाका.